दडा बसलाय की कान गेलाय?

रात्रपाळी आटोपून पहाटे घरी जाऊन झोपलेले आमचे एक सहकारी गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी सकाळी दहाला उठले ते डाव्या कानातल्या आवाजाने. कुकरची शिट्टी होण्याआधी जो बारीक सूंऽऽ असा आवाज येतो, तसा तो होता. मात्र शिट्टी काही होईना आणि आवाजही थांबेना. चार दिवसांपासून सर्दी होती, नाक चोंदलेले होते, डावा कान कापूस कोंबल्यासारखा वाटत होता. 'दडा बसलाय' असे त्यांनी घरात जाहीर केले. 'वाफ घ्या म्हणत होते, ऐकलंत का?' असे उत्तर आले. वाफ झाली. दोन थेंब लसणीचे कोमट तेलही कानात पडले.

मंगळवारी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नाकात घालायचे थेंब आणि मळ सुटायचे थेंब आले. शनिवारी, म्हणजे सहाव्या दिवशी, नेहमीच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिले. पडदा स्वच्छ आहे, मळही नाही, सर्दीनेच झाले असणार असे म्हणून त्यांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. बाराव्या दिवशी एका वार्ताहराचा फोन आला तेव्हा उजव्या हाताने ते काही लिहीत होते, म्हणून त्यांनी फोन डाव्या कानाला लावला. पलीकडे शांतता. फोन कट झाला असे समजून ठेवणार, तेवढ्यात तो उजव्या कानाजवळून गेला आणि वार्ताहराचा वैतागलेला आवाज आला, 'अहो, मी केव्हाचा बोलतोय!' बारा दिवस त्यांना कानातला सूं सूं आवाज ऐकू येत होता. त्या आवाजाआड बाकीचे ऐकू येणेच बंद झाले आहे, हे त्या फोनमुळे कळले. तरीही पुढचा आठवडा सुट्टी आणि अपॉइंटमेंट यांच्या जुळवाजुळवीत गेला. कान-नाक-घसा तज्ज्ञांसमोर ते बसले तो एकोणिसावा दिवस होता.

हा अग्रलेख त्या एकोणीस दिवसांबद्दल आहे. त्यात कुणी दुष्टपणा केला नाही, पैसे उकळले नाहीत, कुणी आळसही केला नाही. घरच्यांनी, दुकानदाराने आणि डॉक्टरांनी जे केले ते महाराष्ट्रात रोज हजार ठिकाणी होते आणि बहुतेक वेळा खपूनही जाते. कारण सर्दीनंतर बसलेला दडा बहुतेक वेळा खरोखरच दडा असतो. पण 'दडा' या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळी दुखणी राहतात. एकाला थोडी सबुरी पुरते. दुसऱ्याला दिवस मोजून वेळ असते, आणि ती वेळ आपण पहिल्याचे उपचार करण्यात घालवतो.

पहिले दुखणे सोपे आहे. नाकाच्या मागच्या बाजूपासून कानाच्या पडद्याआडच्या पोकळीपर्यंत एक बारीक नळी जाते, तिला युस्टेशियन नळी म्हणतात. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा होतो. सर्दीत ती सुजून बंद पडते, आतली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो, कधी पोकळीत पाणी साठते. आवाज आत पोचण्याचा रस्ता अडतो. बाहेरचे आवाज मंद झाले की शरीराचे स्वतःचे बारीकसारीक आवाज जाणवू लागतात आणि कान वाजतो. गिळताना कट् कट् होते, आवाज कमीजास्त होतो, स्वतःचे बोलणे माठात तोंड घालून बोलल्यासारखे घुमते. सर्दी उतरली की आठवड्या-दोन आठवड्यांत हे ओसरते. पाणी साठले असेल तर आणखी काही आठवडे लागतात.

दुसऱ्या दुखण्यात रस्ता मोकळाच असतो. बिघाड असतो तो आतल्या कानात, शंखासारख्या वेटोळ्या कर्णावर्तात किंवा त्यातून निघणाऱ्या मज्जातंतूत. तिथल्या सूक्ष्म केसांच्या पेशी कंपनांचे विजेच्या संदेशात रूपांतर करतात. माणूस जन्मतो तेव्हा एका कानात अशा साधारण पंधरा हजार पेशी असतात, आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. काही तासांत किंवा जास्तीत जास्त तीन दिवसांत या यंत्रणेचे काम कोलमडले की डॉक्टर त्याला अचानक आलेला संवेदी बहिरेपणा म्हणतात. बहुतेक वेळा एकच कान जातो. सोबत कान वाजणे जवळजवळ ठरलेले, कधी चक्करही येते. विषाणू, रक्तपुरवठ्यातला अडथळा, शरीराच्या प्रतिकारशक्तीचाच हल्ला अशी कारणे सांगितली जातात, पण दहातल्या नऊ रुग्णांत नेमके कारण सापडत नाही. आणि हे दुखणे दुखत नाही. दाढ दुखली तर माणूस मध्यरात्री दवाखान्याचे दार वाजवतो. कान मुकाट्याने जातो, म्हणून सोमवारचे शनिवारवर ढकलले जाते.

मेंदूचा इथे एक विचित्र खेळ असतो. एका कानाकडून येणारा आवाज अचानक घटला की मेंदू त्या बाजूची संवेदनक्षमता वाढवतो. लांबचे स्टेशन लागत नाही म्हणून रेडिओचा आवाज वाढवावा आणि खरखरच मोठी व्हावी, तसे ते असते. रुग्ण त्या खरखरीची तक्रार घेऊन येतो. 'ऐकू कमी येतंय' असे तो म्हणत नाही, कारण दुसरा कान शाबूत असतो आणि घरातले बोलणे सुरळीत चाललेले असते. तेव्हा एकाच कानात अचानक आवाज सुरू झाला, तर आवाजाचे औषध शोधण्याआधी त्या कानाला ऐकू किती येते ते पाहायला हवे.

ते पाहायला यंत्र लागत नाही. आत्ता, हे वाचता वाचता, उजव्या कानात बोट घालून तो बंद करा आणि तोंड मिटून म्ऽऽऽ असा गुणगुणता आवाज काढा. आवाज उजव्या, म्हणजे बंद केलेल्या कानात घुमेल. सर्दीने, मळाने किंवा बोटाने रस्ता अडला असेल तर कवटीच्या हाडांतून पोचलेला स्वतःचा आवाज त्याच कानात मोठा वाटतो. आता ज्याला दडा बसल्यासारखे वाटते आहे त्याने दोन्ही कान मोकळे ठेवून तसेच गुणगुणावे. आवाज दडा बसलेल्या कानात घुमला तर बहुधा रस्त्याचीच अडचण आहे, थोडी सबुरी चालेल. आवाज चांगल्या कानाकडे सरकला तर ती धोक्याची घंटा आहे. आतला कानच ऐकत नसल्याचे ते लक्षण आहे. कानाच्या डॉक्टरांच्या टेबलावर असणारा ५१२ कंपनांचा नादकाटा कपाळावर टेकवून हेच तपासले जाते. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीच्या मार्गदर्शिकेतही फोनवरून प्राथमिक अंदाज घेण्यासाठी ही गुणगुणण्याची युक्ती सांगितलेली आहे.

जोडीला आणखी दोन गोष्टी कराव्या. अंगठा आणि तर्जनी कानापासून चार बोटांवर एकमेकांवर चोळून तो खसखस आवाज दोन्ही बाजूंना सारखा येतो का ते पाहावे. मग फोन आळीपाळीने दोन्ही कानांना लावून कुणाशी तरी मिनिटभर बोलावे. बोलणे ऐकू येते पण शब्द समजत नाहीत, आवाज फाटका किंवा पत्र्यासारखा येतो, असे झाले तरी तो आतल्या कानाचाच इशारा समजावा. या घरगुती चाचण्यांना मर्यादा आहेत. थोडी घट असेल तर त्या फसतात, आणि काहींना आवाज कुठे घुमला हे ठरवताच येत नाही. म्हणून त्यांचा उपयोग डॉक्टरांकडे लवकर जाण्यासाठी करायचा, घरी थांबण्याची सबब म्हणून नव्हे. ठरवता येत नसेल तर श्रवणचाचणी, म्हणजे ऑडिओग्राम, करून घ्यावा. बंद खोलीत हेडफोन लावून बटण दाबत बसायची ही अर्ध्या तासाची, न दुखणारी चाचणी आहे.

आमच्या सहकाऱ्याच्या बाबतीत खुणेची चिठ्ठी सहाव्या दिवशीच हातात होती. पडदा स्वच्छ, मळ नाही, पाणी नाही, तरी कान बंद. मग बंद झाले काय? रस्ता मोकळा असून आवाज पोचत नसेल तर बिघाड पुढे आहे, एवढाच त्याचा अर्थ. स्वच्छ पडदा पाहून डॉक्टर निर्धास्त झाले, खरे तर तिथेच त्यांनी सावध व्हायला हवे होते. त्या क्षणी खणात नादकाटा असता तर निदान मिनिटभरात झाले असते. काही शे रुपयांची ती वस्तू. वैद्यकीय अभ्यासक्रमात ती प्रत्येकाने हाताळलेली असते, आणि तरी किती दवाखान्यांत ती दिसते?

घाई कशाला, असा प्रश्न कुणी विचारेल, आणि तो रास्त आहे. उपचार न करताही अशा रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश ते दोन तृतीयांश लोकांचे ऐकणे काही प्रमाणात आपोआप परत येते, तेही बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. मुख्य औषध म्हणजे स्टिरॉइड. त्याच्या बाजूचा पुरावाही पोलादी नाही. पण आपल्या हाती जे काही आहे ते सुरुवातीलाच चालते. प्रौढांना साधारणपणे वजनाच्या किलोमागे एक मिलिग्रॅम, पण दिवसाला ६० मिलिग्रॅमहून अधिक नाही, अशा हिशेबाने प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दहा-चौदा दिवस देऊन मग कमी करत नेतात. त्या पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हाव्यात, जितक्या लवकर तितके बरे. त्यांनी भागले नाही तर दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान कानाच्या पडद्यातून बारीक सुईने मधल्या कानात स्टिरॉइड सोडतात. त्यानंतर आशा फार कमी उरते. जर्मनीत तज्ज्ञांनी नेहमीचा डोस आणि कितीतरी मोठा डोस यांची तुलना केली, तेव्हा मोठ्या डोसाने जास्त फायदा दिसला नाही. म्हणजे उशीर झाला म्हणून औषध वाढवून तो भरून काढता येत नाही.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेचा नियम इथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. तीन दिवसांच्या आत ऐकणे गेले असेल आणि ते गेल्या तीस दिवसांत घडले असेल, तर रुग्णाला २४ तासांत तज्ज्ञांनी पाहावे. आपल्याकडे छातीत कळ आली तर काय करायचे हे रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. एका कानाने ऐकणे थांबले तर काय करायचे, हे अनेक दवाखान्यांत स्वागतकक्षावर बसलेल्या मुलीला ठाऊक नसते, आणि 'पुढच्या गुरुवारी चालेल का?' असे ती सहज विचारते. अपॉइंटमेंट मागताना 'कान वाजतोय' म्हणू नका. 'एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले आहे, आज तिसरा दिवस आहे' असे म्हणा. वाक्य बदलले की तारीख बदलते.

एक इशारा मात्र ठळक द्यायला हवा. वरचा डोस वाचून कुणी मेडिकलमधून गोळ्या आणून सुरू करू नयेत. या राज्यात घराघरांत मधुमेह आहे, आणि स्टिरॉइडने साखर दोन दिवसांत भलतीकडे जाऊ शकते. रक्तदाब, काचबिंदू, पोटातला व्रण, जुना क्षयरोग, मानसिक आजार या सगळ्यांचा विचार ते देण्याआधी करावा लागतो. मधुमेह असलेल्यांना पडद्यातून दिलेले इंजेक्शन हा सुरुवातीपासूनचाच पर्याय असू शकतो, कारण त्यात औषध शरीरभर फारसे पसरत नाही.

मोठ्या आवाजाची कथा थोडी निराळी आहे, आणि ती आपल्या सणांच्या दिवसांत ऐन भरात येते. विसर्जनाच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीशेजारी चार तास चाललेला कार्यकर्ता, ढोलपथकात ताशेवाल्याच्या डाव्या अंगाला सहा तास उभी असलेली मुलगी, शेजारी फुटलेला सुतळी बॉम्ब. आवाज एका बाजूने आला की डोक्याची सावली दुसऱ्या कानाला थोडेफार वाचवते, म्हणून एकच कान वाजू लागतो. मिरवणुकीनंतर कान सुन्न होऊन वाजतात ते बहुधा पेशी थकल्यामुळे, आणि एक-दोन दिवसांत उतरते. 'कानठळ्या बसल्या' म्हणून आपण हसतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच उभे राहतो. उतरले म्हणजे भरून निघाले असे मात्र नाही. दर वेळी पेशी आणि मज्जातंतू यांच्यातल्या काही जोडण्या कायमच्या तुटू शकतात, आणि साधी श्रवणचाचणी तरीही बरोबर येऊ शकते.

फटाक्याचे गणित तर कायद्यातच फसले आहे. चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या फटाक्यावर देशात बंदी आहे. पण चार मीटरवर उभे कोण राहते? मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. चारवरून दोन, दोनवरून एक मीटर, म्हणजे वात पेटवून वळलेल्या मुलाच्या कानाशी तोच कायदेशीर फटाका १३७ डेसिबलच्या आसपास पोचतो. दोन इमारतींच्या बोळात भिंतींवरून परतणारा आवाज त्यात आणखी भर घालतो. असा एकच दणका केसांच्या पेशी उपटून टाकू शकतो आणि पडदाही फाडू शकतो. मंडळांकडून आवाजाचे हमीपत्र घेणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांना डेसिबलचे आकडे पुरवणाऱ्या यंत्रणेने कधी मिरवणुकीनंतरच्या आठवड्यात सरकारी रुग्णालयांत श्रवणचाचणीची खास वेळ ठेवली आहे का? आकडे आपण स्पीकरचे मोजतो. कानांचे कुणी मोजत नाही.

दणक्यानंतर करायचे ते एवढेच. आवाजापासून लगेच दूर जावे आणि पुढचे दोन दिवस कानाला विश्रांती द्यावी. हेडफोन नाही, ढोलाचा सराव नाही, मिक्सरशेजारी उभे राहणे नाही. कानात काहीही घालू नये, अगदी कापसाची काडीही नाही. पडदा फाटला असेल तर तेल किंवा मळाचे थेंब थेट मधल्या कानात उतरतात आणि काही औषधांचे थेंब आतल्या कानाला अपायही करतात. नाहतानाही त्या कानात पाणी जाऊ देऊ नये. रक्त किंवा पाणी आले, कळ आली, चक्कर आली किंवा त्या कानाने ऐकू येणे उघड उघड घटले, तर दोन दिवस वाट पाहायची नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी तज्ज्ञ गाठावा. नुसतेच बारीक वाजत असेल आणि ऐकणे दोन्हीकडे सारखे असेल तर ४८ तास थांबता येते. त्यानंतरही वाजत राहिले तर श्रवणचाचणी करावी.

सर्दीच्या दड्यासाठी घरी करता येण्याजोगे काही आहे, पण त्याआधी गुणगुणण्याची परीक्षा पास व्हायला हवी. मिठाच्या पाण्याने नाक धुणे चांगले; त्यासाठी उकळून गार केलेलेच पाणी वापरावे. नाक मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब तीन दिवस, फार तर पाच दिवस. त्यापुढे गेले की नाक त्या थेंबांवाचून उघडेनासे होते. रक्तदाबवाल्यांनी ते विचारूनच घ्यावेत. वाफेने बरे वाटते, पण उकळत्या भांड्यावर पांघरूण घेऊन वाकण्यात भाजण्याचा धोका मोठा असतो, विशेषतः मुलांना. घोट घोट पाणी पीत राहावे, जांभई द्यावी, काहीतरी चघळावे, म्हणजे नळी उघडत राहते. नाक दाबून फुंकण्याची युक्ती सर्दी घट्ट असताना जोराने करू नये. त्या जोराने नाकातली घाण मधल्या कानात ढकलली जाते. सर्दी सरल्यावर हलक्या हाताने केली तर चालते. दोन-तीन आठवड्यांत कान पूर्ववत झाला नाही तर तपासून घ्यावा. प्रौढ माणसाच्या एकाच कानात पाणी साठून राहत असेल तर नाकामागचा भाग दुर्बिणीने पाहायलाच हवा, कारण तिथली गाठ क्वचित याच रूपात पहिल्यांदा दिसते.

आणि काही लक्षणांत कानाच्या डॉक्टरांचीही वाट पाहायची नाही. कान अचानक गेला आणि सोबत तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले, जीभ जड झाली, एकाचे दोन दिसू लागले किंवा उभेच राहता येईना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. आतल्या कानाला आणि लहान मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचा उगम एकच आहे. अशा वेळी १०८ला फोन करावा. कानावर किंवा कानात पाण्याचे फोड, तीव्र ठणका आणि त्याच बाजूचा चेहरा ढिला पडणे ही नागिणीची खूण आहे. त्याचे औषधही दिवस मोजूनच चालते. डोक्याला मार लागून कान वाजू लागला, कानामागे सूज येऊन ताप आला, तर रुग्णालयच. नाडीच्या ठोक्याबरोबर धक् धक् असे वाजत असेल तर तातडी तेवढी नाही, पण ते वेगळे प्रकरण असते आणि रक्तवाहिन्यांची तपासणी मागते.

आता आमच्या सहकाऱ्याकडे परत येऊ. एकोणिसाव्या दिवशीच्या ऑडिओग्रामवर उजव्या कानाची रेघ १५ डेसिबलवर वरच्या बाजूला सरळ होती. डाव्या कानाची रेघ ६५ वर जाऊन बसली होती. समोरासमोरचे साधे बोलणे साठच्या आसपास असते. म्हणजे ते त्यांच्या डाव्या कानासाठी जवळजवळ नव्हतेच. कानामागच्या हाडावर कंपक ठेवून घेतलेली चाचणीही तितकीच खाली आली, तेव्हा रस्त्याचा दोष नाही हे कागदावर उतरले. मज्जातंतूवरची गाठ नाही ना, हे पाहायला एमआरआय झाला. तो स्वच्छ निघाला. आठवड्याला एक अशी पडद्यातून चार इंजेक्शने झाली. प्रत्येक वेळी अर्धा तास कुशीवर पडून राहायचे, गिळायचे नाही, बोलायचे नाही. शेवटी रेघ ५० वर आली आणि तिथेच थांबली. सहाव्या दिवशी उपचार सुरू झाले असते तर ती किती वर आली असती, हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. तो प्रयत्न वेळेत झाला नाही, एवढे सांगता येते.

वाजणे अजून आहे. त्यासाठी त्यांनी जिन्कोच्या गोळ्या घेतल्या, बीटाहिस्टिनही घेतले. कान वाजण्यावर या दोहोंचा उपयोग अभ्यासांत दिसलेला नाही, तरी आपल्याकडे ती चिठ्ठीवर सर्रास असतात. उपयोग झाला तो रात्री उशाशी पंख्याचा किंवा रेडिओचा मंद आवाज ठेवण्याचा, कारण पूर्ण शांततेत शिट्टी वाढते, आणि श्रवणयंत्राचा, कारण बाहेरचा आवाज परत मिळाला की मेंदूला आवाज वाढवण्याची गरज कमी भासते. या वाजण्याने झोप उडते आणि काहींचा जीव नकोसा होतो. तसे वाटू लागले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध कार्यक्रम या देशात २००७ पासून आहे. त्यात लहान मुलांच्या जन्मजात बहिरेपणाला दिलेले महत्त्व योग्यच आहे, पण प्रौढाचा एका दिवसात गेलेला कानही तातडीच्या यादीत यावा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ५१२चा नादकाटा असावा आणि तो वापरला जातो की नाही हे तपासणीत पाहिले जावे. जिल्हा रुग्णालयातल्या ऑडिओग्रामच्या रांगेत 'अचानक' असा शिक्का असलेल्या कागदाला त्याच दिवशी जागा मिळावी. औषध दुकानदारांच्या संघटनेनेही एक गोष्ट करावी. कानात घालायच्या थेंबांची बाटली काउंटरवर ठेवण्याआधी गिऱ्हाईकाला एवढे विचारावे: 'त्या कानाला फोन लावून पाहिलात का? ऐकू येतंय?' आमच्या सहकाऱ्याला हा प्रश्न दुसऱ्या दिवशी कुणी विचारला असता, तर बाराव्या दिवसाचा तो फोन त्यांनी तिथेच दुकानासमोर उभे राहून लावला असता.